जोडपट्टीचा रोध जातो कुठे?

तांब्याची अर्धा मीटर लांब आणि १० चौरस मिलिमीटर छेदाची सळई घ्या. तिचा रोध साधारण ८६२ मायक्रोओहम, म्हणजे एक मिलिओहमही नाही. साध्या मल्टिमीटरने तो मोजायला गेलात, तर मीटरच्या दोन वायरींचाच रोध दशांश ओहमाच्या घरात असतो, म्हणजे सळईच्या शंभरपट. पडद्यावरचा आकडा वायरींचाच. नेहमीचा व्हीटस्टन ब्रिजही इथे हात टेकतो.

यावरचा उपाय विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८६०च्या दशकात काढला. सळई (X) आणि एक मिलिओहमचा प्रमाणित रोध (S) एका जाड पट्टीने जोडून त्यांतून मोठा प्रवाह सोडायचा. दोघांनाही चार-चार टोके: प्रवाहाची बाहेर, व्होल्टेज घेण्याची आत. बॅटरीच्या तारा ब्रिजबाहेर राहतात. व्होल्टेजच्या तारा शेकडो ओहमच्या भुजांना जोडलेल्या असतात, तिथे पाच शतांश ओहमने फारसे बिघडत नाही. राहतो तो मधल्या पट्टीचा रोध r.

त्यासाठी दुसरी जोडी. P आणि Q या भुजा X, पट्टी आणि S यांच्यावरचे सगळे व्होल्टेज विभागतात. p आणि q फक्त पट्टीवरचे. गॅल्व्हानोमीटर या दोन विभाजनबिंदूंमध्ये. १० अँपिअरला X वर ८.६२, S वर १०, पट्टीवर समजा ५ मिलिव्होल्ट पडले. p:q हे P:Q इतकेच, म्हणजे ८६२:१०००, ठेवले तर ५ मिलिव्होल्टही त्याच प्रमाणात वाटले जातात. दोन भावांनी उत्पन्न २:३ वाटले आणि खर्चही २:३ सोसला, तर शिल्लकही २:३ च राहते. तसेच हे: पट्टीचा वाटा दोन्हीकडून वजा करा, X:S तेच राहते.

```
X = (P/Q)·S + [q·r/(p+q+r)]·(P/Q − p/q)
```

शेवटचा कंस शून्य झाला की r कितीही असो, तो उत्तरात उतरत नाही. पण प्रत्यक्षात भुजा तंतोतंत जुळत नाहीत. p ८६२ ऐवजी ८७० असेल आणि पट्टी अर्ध्या मिलिओहमची असेल, तर चूक दोनच मायक्रोओहम. तीच पट्टी बारीक, ५० मिलिओहमची असेल, तर चूक दोनशेच्या वर: उत्तराचा चौथा हिस्सा गेला! म्हणून पट्टी जाड, आखूड आणि घट्ट कसलेली हवी.

भुजा जुळल्या का, हे पाहायला संतुलन साधून पट्टी काढा. त्याआधी गॅल्व्हानोमीटरची संवेदनक्षमता कमी करायला विसरू नका. काटा हलला, तर p दुरुस्त करा, पट्टी लावा, पुन्हा संतुलन साधा. शेवटी प्रवाह उलटा करून दुसरे वाचन घ्या आणि सरासरी काढा, कारण तांबे आणि दुसरा धातू मिळतात त्या सांध्यांवर तापमानफरकाने काही मायक्रोव्होल्ट तयार होतात आणि ते या ब्रिजला दिसतात.