प्रायोजित व्हिडिओचा दर अंदाजपंचे नको, हिशोबाने सांगा

समजा, तुम्ही इंदूरला राहता. घर सांभाळून मराठी पदार्थांचं यूट्यूब चॅनेल चालवता आणि तुमचे ४२ हजार सबस्क्रायबर्स आहेत. एक दिवस इडली-डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर बनवणाऱ्या कंपनीचा मेल येतो, ‘‘आमच्या ग्राइंडरवर एक व्हिडिओ कराल का? तुमचा दर काय?’’ तुम्ही गोंधळता. जास्त सांगितलं तर काम हातचं जाईल, या भीतीने लिहून टाकता, ‘‘५,००० रुपये.’’ कंपनी ५ मिनिटांत होकार कळवते.

हा लगेच आलेला होकारच सांगतो की कुठेतरी चुकलं आहे. मग बरोबर दर कसा काढायचा? त्यासाठी तीन गोष्टींचा हिशोब करावा लागतो. व्हिडिओ किती जण पाहतील, त्या पाहणाऱ्यांची कंपनीला किती किंमत आहे आणि तुमचे किती तास खर्च होणार आहेत.

किती जण पाहतील?

सबस्क्रायबर्सचा आकडा विसरा, कारण ते सगळेच प्रत्येक व्हिडिओ पाहत नाहीत. यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन महिन्याहून जुने असलेले शेवटचे ११ व्हिडिओ घ्या आणि प्रत्येकाला पहिल्या ३० दिवसांत किती व्ह्यूज मिळाले ते वहीत लिहा. आता आकडे लहान ते मोठे असे मांडा. समजा ते असे आहेत : ५,४००, ५,८००, ६,२००, ६,६००, ६,९००, ७,१००, ७,३००, ७,६००, ८,४००, ९,१०० आणि ९६,०००.

शेवटचा आकडा गणपतीत गाजलेल्या उकडीच्या मोदकांचा आहे. सरासरी काढली तर १५ हजारांवर जाते, पण मोदक सोडले तर तुमचा एकही व्हिडिओ १० हजारांपर्यंतसुद्धा पोहोचलेला नाही. म्हणून सरासरी नको, रांगेतला मधला म्हणजे सहावा आकडा घ्या. तो आहे ७,१००. प्रायोजित व्हिडिओचा विषय प्रेक्षकांनी मागितलेला नसतो, त्यामुळे व्ह्यूज थोडे कमी मिळतील असं धरून १० टक्के वजा करा. उरले साधारण ६,४००.

मात्र पाककृतीचा व्हिडिओ महिन्याभरात शिळा होत नाही. लोक वर्षभर तो शोधून पाहतात. तुमच्या वर्षभरापूर्वीच्या व्हिडिओंचे मधले आकडे पाहा. समजा त्यावरून वर्षाचा अंदाज १८ हजार निघाला. हे दोन्ही आकडे कंपनीला सांगा, पण ‘अंदाज’ म्हणूनच. इतके व्ह्यूज मिळतीलच अशी हमी लिहून देऊ नका. व्हिडिओ कोणाला दाखवायचा हे तुमच्या हातात नसतं.

पाहणाऱ्यांची किंमत किती?

आता जरा कंपनीच्या बाजूने विचार करा. ग्राइंडर ६,००० रुपयांचा आहे. एक ग्राइंडर विकून देणाऱ्याला कंपनी साधारण किती सोडते, हे त्यांना सरळ विचारा. समजा ते ९०० रुपये आहे. तुम्ही पूर्वी एखाद्या कढईची किंवा तव्याची अ‍ॅफिलिएट लिंक दिली असेल, तर तिच्या नोंदी काढा. समजा १,००० व्ह्यूजमागे दोघींनी कढई घेतली होती. ग्राइंडर महाग आहे, म्हणून एकच खरेदी धरा. म्हणजे दर हजार व्ह्यूजची किंमत ९०० रुपये आणि वर्षाच्या १८ हजार व्ह्यूजची १६,२०० रुपये.

यातून एक वजाबाकी राहिली. स्टुडिओमध्ये प्रेक्षक कोणत्या देशातले आहेत तेही दिसतं. समजा १५ टक्के परदेशातले आहेत आणि कंपनी माल फक्त भारतात पाठवते. ते प्रेक्षक तुमच्यासाठी मोलाचे असले तरी या कंपनीच्या उपयोगाचे नाहीत. ते वगळले की उरतात साधारण १३,८०० रुपये. ही तुमच्या दराची वरची मर्यादा झाली.

हाच हिशोब उलटही फिरतो. तुमचे प्रेक्षक थोडेच, पण सगळे रोज डोसे करणारे असतील, तर लाखभर व्ह्यूजच्या विनोदी चॅनेलपेक्षा ग्राइंडर कंपनीला तुमचंच चॅनेल जास्त फायद्याचं.

तुमचे तास किती?

इथे बहुतेक जणी फक्त शूटिंगचे तास धरतात. सगळे तास मांडा : मेल आणि फोन दीड तास, ग्राइंडर वापरून पाहणं आणि पीठ आंबवून पदार्थ करून बघणं ४, स्क्रिप्ट २, बाजार आणि तयारी २, शूटिंग ५, एडिटिंग ६, आवाज देणं १, थंबनेल आणि शीर्षक १, कंपनीने सुचवलेले बदल अडीच तास. झाले २५ तास.

तासाला ३०० रुपये धरले तर ७,५०० होतात. त्यात सामानाचे ९०० आणि कॅमेरा धरणाऱ्या मदतनिसाचे १,६०० मिळवा. एकूण १०,००० रुपये. ही खालची मर्यादा.

आता ते ५,००० आठवा. त्यातून २,५०० रुपये खर्च वजा केला तर २५ तासांचे उरतात २,५००. म्हणजे तासाला फक्त १०० रुपये!

मग दर किती सांगायचा?

१०,००० आणि १३,८०० यांच्यामध्ये. सुरुवातीला १३,५०० सांगा, म्हणजे थोडी घासाघीस झाली तरी १०,०००च्या खाली जावं लागणार नाही. कंपनीने ‘‘जास्त होतंय’’ म्हटलं, तर दर नव्हे, काम कमी करा. वेगळ्या व्हिडिओऐवजी तुमच्या नेहमीच्याच डोशाच्या व्हिडिओत ग्राइंडरबद्दल एक मिनिट बोला. तो व्हिडिओ तुम्ही करणारच होतात, त्यामुळे फक्त वाढलेले तास मोजावे लागतात.

कधी वरची मर्यादाच खालच्या मर्यादेपेक्षा कमी निघते. वस्तू १५० रुपयांची असेल तर असं हमखास होतं. तेव्हा छोटा उल्लेख द्या किंवा नम्रपणे नकार कळवा.

काही गोष्टी या दरात धरू नका. कंपनीला तुमचा व्हिडिओ स्वतःची जाहिरात म्हणून चालवायचा असेल, किंवा ६ महिने दुसऱ्या ग्राइंडरचं नाव घ्यायचं नाही अशी अट असेल, तर त्याचे पैसे आणि मुदत वेगळी ठरवा. बदल किती वेळा करून देणार, तेही आधीच लिहा. दोनदा पुरेत. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. भेट मिळालेला ग्राइंडर म्हणजे मोबदला नव्हे, त्याने किराणा भरता येत नाही.

आणि पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर प्रेक्षकांना तसं स्पष्ट सांगा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी हा नियम केला आहे आणि यूट्यूबवरही व्हिडिओ टाकताना तशी खूण करावी लागते.

व्हिडिओ गेल्यावर ३० दिवसांनी वही पुन्हा उघडा. ६,४००च्या अंदाजापुढे खरे व्ह्यूज, २५ तासांपुढे खरे तास आणि कंपनीला विचारून लिंकवरून झालेली खरेदी लिहा. ६,४००ऐवजी ३,९०० आले असतील, तर पुढच्या वेळी १० टक्क्यांऐवजी जास्त वजाबाकी करा. ३० तास लागले असतील, तर तेवढेच मांडा. तीन-चार व्हिडिओंनंतर ‘‘तुमचा दर काय?’’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत तयार असेल.