फोटोतल्या गाडीचा रंग आणि चाके बदलताना

मोटारीच्या पत्र्यावर आधी रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीचा रंग दिसतो तो खालच्या थरामुळे. आकाशाचे, झाडांचे प्रतिबिंब आणि उन्हाची चमक येते ती वरच्या कोटमुळे. हा कोट रंगहीन असल्याने लाल गाडीवरही उन्हाचा ठिपका पांढराच दिसतो. म्हणून फोटोत खालचा रंग बदलायचा आणि वरची चमक तशीच राखायची.

मोकळ्या आकाशाखाली उभी लाल हॅचबॅक फोटोशॉपमध्ये निळी करायची आहे, असे समजू. आधी काचा, दिवे, नंबरप्लेट आणि रबर वगळून फक्त रंगवलेल्या पत्र्याचा मास्क करतात. नाहीतर मागचे लाल दिवेही निळे होतात. मग `Hue/Saturation` लेयरमध्ये `Hue` −120 केले की लाल पत्रा निळा होतो. पण हा बदल `Master` वर केला, तर बॉनेटवरचे आकाशाचे निळे प्रतिबिंबही सरकून हिरवट होते. `Master` ऐवजी `Reds` निवडल्यास फक्त लाल छटा बदलतात आणि आकाश जागच्या जागी राहते.

तीच गाडी पांढरी करणे अवघड असते, कारण पांढऱ्याला छटाच नसते. नुसता रंग काढला तर करडी गाडी उरते, आणि ती उजळायला गेले तर चमकेतले बारकावे उडून जातात. अशा वेळी फोटोचा लाल चॅनेल उपयोगी पडतो. लाल पत्रा त्यात उजळ दिसतो आणि प्रतिबिंबे फिकट, म्हणजे खऱ्या पांढऱ्या गाडीसारखीच. `Channel Mixer` मध्ये `Monochrome` निवडून `Red` 100 आणि बाकी दोन्ही शून्य ठेवतात. प्रतिबिंबातला गेलेला निळेपणा मग `Color` मोडच्या अगदी फिकट लेयरने परत आणतात. काळ्या गाडीसाठी निळा चॅनेल घेतात: त्यात पत्रा गडद आणि प्रतिबिंबे ठळक असतात.

चाकांच्या बाबतीत मूळ टायर तसाच ठेवून फक्त रिम बदलणे सोपे जाते. तिरक्या कोनातून चाक लंबगोल दिसते आणि पुढच्या-मागच्या चाकांचे लंबगोल सारखे नसतात, म्हणून दोन्ही रिम वेगवेगळे बसवावे लागतात. नव्या रिमच्या फोटोत ऊन त्याच बाजूने आलेले हवे. रिम आडवा उलटवला तर ऊनही उलटते. मडगार्डची सावली रिमच्या वरच्या भागावर `Multiply` लेयरने पुन्हा टाकतात आणि स्पोकमधून दिसणारी ब्रेक डिस्क अंधारातच ठेवतात.

शेवटी जुन्या रंगाचे अवशेष शोधावे लागतात. ओल्या जमिनीतले गाडीचे प्रतिबिंब, चकचकीत रिमची कड आणि दाराच्या फटी येथे लाल झाक राहून जाते. फोटो 100 टक्के मोठा करून या जागा तपासतात आणि तेथेही नवा रंग हलकेच देतात.