दिलगिरी आणि कबुली : संस्थेच्या उत्तरपत्राची भाषा

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील मराठी संस्थेला आपल्या सभासदांशी मराठीत पत्रव्यवहार करता येतो. वाद ग्राहक आयोगापुढे गेला, की मात्र तेच पत्र हिंदीत वाचले जाण्याची शक्यता असते. तक्रारीला उत्तर देणाऱ्या चिटणिसाला म्हणूनच प्रत्येक क्रियापद जपून योजावे लागते.

समजा, मुंजीसाठी सभागृह आरक्षित झाले, ५,००० रुपये अनामत घेतली गेली आणि तीच तारीख नोंदवहीत दुसऱ्याच्याही नावे चढली. यजमानांना हे आदल्या सायंकाळी कळले. अनामत, नव्या जागेचे भाडे आणि मनस्तापाची भरपाई, अशा त्यांच्या तीन मागण्या आहेत.

'आमच्या निष्काळजीपणामुळे आपले नुकसान झाले, क्षमस्व' हे उत्तर सज्जनपणाचे खरे; पण त्या एका वाक्यात कर्तव्यातील कसूर, नुकसान आणि दोहोंमधील कार्यकारणभाव या तिन्ही गोष्टी मान्य होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार असे लेखी विधान कबुली म्हणून संस्थेविरुद्ध पुढे करता येते. इंग्लंडमध्ये २००६ च्या एका कायद्याने क्षमायाचना ही स्वतःहून कबुली ठरत नाही; भारतात तसा सर्वसाधारण कायदा नाही.

याउलट 'गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत' हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने निर्धोक असले, तरी तक्रारदाराला खोटे ठरवणारे आहे. ज्याच्या घरी पाहुणे येऊन बसले होते, त्याला 'असल्यास' हा शब्द झोंबणारच.

मधला मार्ग घटना आणि निष्कर्ष वेगळे करण्यात आहे : 'आपल्या तारखेची नोंद दोनदा झाली आणि त्याची सूचना आपणांस आदल्या सायंकाळी मिळाली. आपली मोठी गैरसोय झाली, याबद्दल संस्था दिलगीर आहे. अनामत सोबत परत करीत आहोत. अन्य मागण्यांविषयी पावत्या पाहून पंधरा दिवसांत कळवू. ही परतफेड सद्भावनेने केली असून तीवरून कायदेशीर उत्तरदायित्व स्वीकारल्याचे समजू नये.' दुबार नोंद नोंदवहीतच दिसते, तेव्हा ती नाकारण्यात अर्थ नाही. कोणाची कसूर आणि भरपाई किती, हे प्रश्न मात्र खुले राहतात.

'सेवेतील त्रुटी' हा शब्दप्रयोग येथे टाळलेलाच बरा. मराठीत तो साधा वाटतो, पण ग्राहक कायद्याच्या चर्चेत तो पारिभाषिक आहे. हिंदीत त्याच जागी 'सेवा में कमी' येते आणि तक्रारीचा मुख्य मुद्दाच मान्य केल्यासारखे होते. 'दिलगीर'साठी हिंदीत 'खेद' चालतो; घाईतल्या अनुवादकाने 'दोषी' लिहिले, तर शेवटचे वाक्य वाचवू शकणार नाही.

त्या शेवटच्या वाक्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्याने घडलेली घटना पुसली जात नाही. तडजोडीची बोलणी पुराव्यात येऊ नयेत अशी इच्छा असेल, तर ती अट स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो वेगळ्या पत्रात लिहावी. अनामतीच्या धनादेशासोबतच्या पत्रात ती मिसळू नये.