सुप्रभातांच्या गर्दीत हरवलेली सूचना

सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूर्य वीसेक वेळा उगवतो. कधी गुलाबांमागून, कधी वाफाळत्या चहाच्या कपावर, तर कधी हात जोडलेल्या इमोजींच्या रांगेत. त्याच गर्दीत सेक्रेटरी लिहितात, ‘टाकीची सफाई असल्याने आज दहा ते एक पाणी बंद.’ साडेदहाला बी विंगमधून प्रश्न येतो, ‘पाणी का नाही?’

या चित्रांचा भार फोनलाही जाणवतो. भारतातले स्मार्टफोन इतक्या लवकर का भरतात, याचा गुगलच्या लोकांनी शोध घेतला तेव्हा सुप्रभातची चित्रे हे एक मोठे कारण निघाले, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2018 मध्ये दिली होती. गुगलच्या ‘फाइल्स गो’ अ‍ॅपमध्ये अशी चित्रे हुडकून एकदम पुसण्याची सोयही आली. हिशेब सोपा आहे. एक चित्र 150 केबीचे धरले आणि रोज अशी वीस आली, तर महिन्याला सुमारे 90 एमबी जागा जाते, तीही प्रत्येक सभासदाच्या फोनमध्ये.

तरीही अ‍ॅडमिनला हे सांगणे अवघड जाते. एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी ते चित्र म्हणजे सकाळची हजेरी असते. ‘फालतू फॉरवर्ड बंद करा’ असे लिहिले, की ते दुखावतात आणि गटात दोन तट पडतात. त्यापेक्षा असे लिहिता येते:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या शुभेच्छांमागचा जिव्हाळा मोलाचा आहे. मात्र पाणी, लिफ्ट आणि सुरक्षेच्या सूचना वर सरकून अनेकांच्या नजरेतून सुटत आहेत. म्हणून या गटावर फक्त सोसायटीच्या कामाचे संदेश पाठवावेत, ही विनंती. शुभेच्छांसाठी “गप्पाटप्पा” हा वेगळा गट सुरू केला आहे. ज्यांना हवे त्यांनी जरूर यावे. सणाच्या दिवशी कमिटीतर्फे एक शुभेच्छा येईल, तिच्यावरच आपली इमोजी प्रतिक्रिया द्यावी.’

यात कुणाचे नाव नाही, कारण सांगितले आहे आणि शुभेच्छांना हक्काची जागाही मिळाली आहे. वेळ मात्र सांभाळावी लागते. कुणाचे चित्र येताच पाठोपाठ ही सूचना पडली, तर ती त्याच सभासदाला उद्देशून वाटते. रविवारी दुपारी, गट शांत असताना ती टाकलेली बरी.

एवढ्यावर भागले नाही, तर फक्त अ‍ॅडमिनना लिहू देणारी सेटिंग वापरता येते. पण मग लिफ्टमध्ये अडकलेल्यालाही गटावर हाक मारता येत नाही. ‘ऑटो-डाउनलोड’ बंद केल्याने फोनमधली जागा वाचते, गटावरची गर्दी मात्र तेवढीच राहते. म्हणून ही विनंती गटाच्या वर्णनातही लिहून ठेवावी, म्हणजे नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला ती वेगळी सांगावी लागत नाही.