‘सकाळी नऊ’ म्हणजे कुठले नऊ?

नागपुरात मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या अनेकांचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. एक आपलं, दुसरं न्यू यॉर्कच्या किंवा लंडनच्या टीमचं. कॉलची वेळ चुकली की आधी नेटवर्कवर संशय जातो, मग माणसावर. पण निमंत्रण उघडून पाहिलं तर बरेचदा वेळच अशी लिहिलेली असते की तिचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर असतात.

गैरसमज: ‘9 AM EST’ लिहिलं की न्यू यॉर्कची वेळ पक्की झाली.

ईएसटी ही न्यू यॉर्कची फक्त हिवाळ्यातली वेळ आहे, यूटीसीच्या पाच तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. मधल्या आठ महिन्यांत न्यू यॉर्कमध्ये ईडीटी चालते, यूटीसीच्या चार तास मागे. सवयीमुळे तिथले लोकही जुलैत ईएसटीच लिहितात. आता नागपुरातला कुणी ही अक्षरं जशीच्या तशी वेळ बदलून देणाऱ्या साइटवर टाकतो, तेव्हा त्याला संध्याकाळचे साडेसात मिळतात. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र साडेसहा असतात. तो बिचारा तासभर एकटाच थांबतो, आणि इकडचा माणूस साडेसातला हजर होऊन म्हणतो, ‘मी तर वेळेवर आलोय.’ अक्षरांप्रमाणे पाहिलं तर त्याचंच खरं आहे.

म्हणून अक्षरांऐवजी शहराचं नाव लिहावं. ‘न्यू यॉर्कचे सकाळी नऊ’ याला जानेवारीत आणि जुलैत एकच अर्थ आहे. लंडनचंही तेच. लंडन म्हणजे जीएमटी असं आपण धरून चालतो, पण मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत लंडन जीएमटीच्या एक तास पुढे असतं.

गैरसमज: आयएसटी म्हणजे भारताची वेळ, हे जगाला ठाऊक आहे.

इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटीच लिहिली जाते आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही. डब्लिनच्या ऑफिसशी बोलताना ‘4 PM IST’ लिहिलं, तर साडेचार तासांचा घोळ होऊ शकतो. खुद्द आपल्याकडेही प्रमाणवेळ एका दिवसात रुजली नाही. ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक दशकं जपली. एकाच शहरात दोन वेळा चालतात, तेव्हा आकड्यापुढे ती कुठली हे लिहावंच लागतं. ‘नागपूर वेळ, UTC+5:30’ एवढं लिहिलं की शंकेला जागा उरत नाही.

गैरसमज: कॅलेंडरचं निमंत्रण पाठवलं की पुढचं ते बघून घेतं.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण अर्धं खरं आहे. कॅलेंडर प्रत्येकाला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, आणि एकदाच होणाऱ्या कॉलसाठी तेवढं पुरतं. दर आठवड्याला होणाऱ्या कॉलचं तसं नाही. अशी मालिका कुठल्या तरी एका शहराच्या घड्याळाला बांधलेली असते, आणि बहुधा ते शहर निमंत्रण पाठवणाऱ्याचं असतं. निमंत्रणाच्या पोटात हे असं लिहिलेलं असतं:

```
DTSTART;TZID=America/New_York:20260303T090000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

म्हणजे ३ मार्च २०२६ पासून दर मंगळवारी, न्यू यॉर्कचे सकाळी नऊ. या कॉलला नागपूर आणि लंडनही आहेत असं समजा आणि वर्षभर काय होतं ते पाहा.

३ मार्चला नागपुरात संध्याकाळचे साडेसात आणि लंडनला दुपारचे दोन वाजलेले असतात. ८ मार्चला अमेरिकेची घड्याळं पुढे जातात. १० मार्चला न्यू यॉर्कचे नऊच असतात, पण नागपुरात कॉल साडेसहावर येतो आणि लंडनला एकवर, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे २९ तारखेला. त्यामुळे ३१ मार्चला लंडन पुन्हा दोनवर जातं. नागपूर साडेसहावरच राहतं. लंडनची ही ओढाताण तीन आठवडे चालते. शरदात तीच गोष्ट उलट्या क्रमाने होते. २५ ऑक्टोबरला लंडन मागे येतं, १ नोव्हेंबरला न्यू यॉर्क. मधला एक आठवडा लंडनला पुन्हा एक वाजता बसावं लागतं, आणि त्यानंतर नागपूर साडेसातवर परततं.

आता हीच मालिका नागपुरातून, `Asia/Kolkata` ला बांधून साडेसातची पाठवली असती तर? आपली वेळ वर्षभर हलली नसती. पण ८ मार्चनंतर न्यू यॉर्कला तो कॉल दहा वाजता पडला असता आणि २९ मार्चनंतर लंडनला तीन वाजता. तिथे त्या तासाला दुसरी मीटिंग आधीच ठरलेली असू शकते. म्हणजे कुणाला तरी हलावं लागतंच. कुणी हलायचं हे कॅलेंडर ठरवत नाही, निमंत्रण कुठून गेलं यावरून ते आपोआप ठरून जातं. माझ्या मते ते मालिका सुरू होतानाच बोलून घ्यावं. ऑफिसची कॅब आठला सुटत असेल, तर साडेसहा आणि साडेसात यांत नागपूरकराला फार फरक पडतो.

गैरसमज: भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून आपल्याला काळजी नाही.

आपलं घड्याळ स्थिर आहे, आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक स्थिर नाही. न्यू यॉर्कशी तो कधी साडेदहा तासांचा असतो, कधी साडेनऊ. ‘साडेनऊ तास मिळव’ हे सूत्र पाठ केलेला माणूस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलला तासभर आधी जाऊन बसतो. ऑस्ट्रेलियाचं तर उलटंच. सिडनीत घड्याळ ऑक्टोबरात पुढे जातं आणि एप्रिलमध्ये मागे येतं. अमेरिकेतही ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही.

गैरसमज: वार सांगितला की तारखेची गरज नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा नागपुरात शनिवारची सकाळ साडेसहापर्यंत आलेली असते. ‘शुक्रवारी संध्याकाळी बोलू’ म्हणणाऱ्याने आपली सुट्टी मोडली, हे त्याच्या लक्षातही येत नाही. ‘शुक्रवारी रात्री बारा’ तर लिहूच नये, कारण तो शुक्रवार सुरू होण्याचा क्षण की संपण्याचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ११:५९ लिहावं.

मग निमंत्रणासोबतचा निरोप कसा असावा? तारीख, वार, प्रत्येक शहराची वेळ, आणि पडताळ्यासाठी यूटीसी:

```
Tue 10 March 2026, 13:00 UTC
New York 09:00 | London 13:00 | Nagpur 18:30
Series follows New York time
```

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि मार्चमधला गोंधळ नेमका तिथून सुरू होतो. तुमच्या टीमचा साप्ताहिक कॉल असेल तर आजच निमंत्रण उघडून तो कुठल्या शहराला बांधला आहे ते पाहा, आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या आठवड्यात तो किती वाजता पडतो हे सगळ्यांना आधीच कळवून ठेवा.