चढावर मोटर कुठे असावी?

इलेक्ट्रिक सायकलची मोटर चाकात बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डन बोल्टन याला 1895 च्या अखेरीस मिळालेल्या पेटंटमध्ये मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच होती. पेडलच्या जोराला साथ देणारी पहिली बाजारातली सायकल, यामाहाची ‘पास’, 1993 मध्ये जपानात आली आणि तिची मोटर मात्र पेडलपाशी, क्रँकच्या आसाजवळ होती. आजही हेच दोन प्रकार समोर येतात, हब मोटर आणि मिड ड्राइव्ह. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींत 250 वॅटची हब मोटर असते. सपाट शहरात ती चोख काम करते. दोन्हींतला फरक घाटात कळतो.

एक हिशेब मांडतो. स्वार आणि सायकल मिळून वजन 100 किलो, आणि चढ असा की शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर उंची वाढते. सिंहगडाच्या रस्त्यावर जाणाऱ्यांना असे टप्पे परके नाहीत. ताशी 9 किलोमीटरने चढायला साधारण 265 वॅट लागतात. स्वाराने 100 दिले, तर मोटरकडून 165 हवेत. 250 वॅटच्या मोटरला हे जड वाटू नये, पण प्रश्न ती किती वेगाने फिरते याचा आहे.

हब मोटर चाकाशी बांधलेली असते. तिच्या आतली छोटी गिअरची जोडणी एकाच ठरलेल्या प्रमाणाची असते, ती बदलता येत नाही. ताशी 25 ला चाक मिनिटाला सुमारे 200 फेरे घेते, तर ताशी 9 ला फक्त 70 च्या आसपास. म्हणजे चढावर मोटरही तिच्या सोयीच्या वेगाच्या एक तृतीयांशावर येते. स्वाराने मागचा मोठा गिअर टाकला तर पाय हलके होतात, मोटरला मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

इथे विजेचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. मोटर किती जोर लावते यावर तिच्यातून जाणारा करंट ठरतो, आणि तारांमध्ये तयार होणारी उष्णता त्या करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोटर सावकाश फिरली म्हणून ही उष्णता कमी होत नाही. तोच जोर, तीच उष्णता, पण पुढे जाणारे काम कमी. वेग निम्मा झाला तर तोच चढ चढायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून तारांत वाया जाणारी वीजही दुप्पट. शिवाय ही मोटर बंद डब्यात असते आणि सावकाश चढताना वाराही लागत नाही. लांब चढावर मोटरची साथ हळूहळू कमी होऊ लागली किंवा जळक्या वार्निशचा वास आला, तर थांबून तिला निवू द्यावे. तापमानाचा सेन्सर नसलेली मोटर स्वतःहून आवरत नाही. आतली नायलॉनची दातेरी चाकेही अशा वेळी झिजतात, आणि खरखर ऐकू आली तर बहुधा तीच बोलत असतात.

मिड ड्राइव्हचा जोर क्रँकवर येतो आणि तिथून चेनमधून मागच्या चाकाला मिळतो. म्हणजे स्वाराचे सगळे गिअर मोटरलाही मिळतात. पुढे 36 दाते आणि मागे 13 असले, तर मिनिटाला 70 वेळा पेडल फिरवून सायकल सुमारे ताशी 24 ने जाते. चढ आला की मागचा 36 दात्यांचा गिअर टाकायचा. पेडल तेवढेच 70, सायकल ताशी 9 च्या जरा खाली, आणि मोटर आपल्या नेहमीच्या वेगावर. मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

पण हे सगळे स्वाराने गिअर टाकला तरच. 13 दात्यांवरच चढ सुरू केला, तर क्रँकवर जवळजवळ तिप्पट जोर लागतो, पेडल मंदावते आणि मिड ड्राइव्हही हबसारखीच तापू लागते. मोटरचा सूर खाली उतरला की गिअर बदलायला उशीर झाला आहे, असे समजावे. गिअर चढ लागण्याआधी बदलावा आणि बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर सैल करावा. भाराखाली बदलला तर कडकन आवाज येतो आणि चेन किंवा दाते दुखावतात.

आणि चेन हीच मिड ड्राइव्हची किंमत आहे. पाय आणि मोटर, दोन्हींचा भार तिच्यावर पडतो, म्हणून ती लवकर झिजते. नवी चेन बारा इंचांत पट्टीवर पिन ते पिन नेमकी बसते. हे अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की ती बदलावी, नाहीतर मागचे दातेही तिच्यासोबत जातात. घाटात ती तुटलीच, तर मिड ड्राइव्ह तिथेच संपते. थ्रॉटल असलेली हब सायकल मात्र चेनशिवायही उतारावर आणि सपाटीवर घरी आणते. त्याच सायकलचे मागचे चाक पंक्चर झाले, तर मोटरची वायर सोडवून भक्कम नट उघडावे लागतात, म्हणून योग्य मापाचा पाना पिशवीत हवाच.

रोजच्या वाटेवर दोन उड्डाणपूल असतील, तर मी हब मोटरच घेईन, कारण एवढ्या चढावर ती तापायच्या आत माथा येतो. रोज डोंगरावरच्या घरी परतायचे असेल, तर जास्त पैसे मोजून मिड ड्राइव्ह घेईन आणि वर्षाला एका चेनचा खर्च धरून ठेवीन.