डबाबंद राजमा गरम करताना

राजम्याचा डबा थेट गॅसवर ठेवू नका. बंद डब्यात वाफ कोंडते आणि तो फुटतो. राजमा पातेल्यात काढा, थोडं पाणी घाला आणि तळापासून ढवळत उकळी आणा. कारखान्यातला माल आधीच शिजलेला असतो, त्यामुळे खदखदून उकळी आली की पुरे.

घरी बाटलीबंद केलेल्या कडधान्यांचं मात्र तसं नाही. त्यात बोटुलिनम जिवाणूचं विष असू शकतं आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. उकळी फुटल्यापासून १० मिनिटं उकळल्यास ते नष्ट होतं. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे १५ मिनिटं धरा. डबा फुगला असेल किंवा उघडताना पाणी फसकन उडालं, तर चाखूनही पाहू नका, फेकून द्या.